अंगठीतील हिरा आणि शेजारचे प्रमाणपत्र एकमेकांचेच आहेत का?

अंगठीशेजारी ठेवलेले प्रमाणपत्र त्याच हिऱ्याचे आहे का, हे पाहण्यासाठी सराफाकडून दहापट मोठे दाखवणारे भिंग मागून घ्यावे आणि हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, लेसरने कोरलेला क्रमांक वाचावा. तो कोंदणाच्या नखीखाली झाकलेला असू शकतो. नंतर तोच क्रमांक हिरे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या जीआयएसारख्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून आकार, वजन आणि मिलिमीटरमधील मापे हातातील कागदाशी जुळवावीत.

मात्र क्रमांक जुळला म्हणजे हिरा तोच, असे नाही. नैसर्गिक हिऱ्याच्या अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेत घडवलेल्या, जवळपास त्याच मापाच्या हिऱ्यावर कोरल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत. म्हणून मोठ्या खरेदीत हिरा जडवण्यापूर्वी सुटा तोलून, मोजून घ्यावा आणि शंका राहिल्यास प्रयोगशाळेकडूनच तपासून घ्यावा.