१८.९ षटके: गुणतक्त्यातली न दिसणारी चूक

पेडण्यातल्या आमच्या वीस षटकांच्या स्पर्धेत गोलंदाजांची क्रमवारी लावताना एका नावापुढे एकूण १८.९ षटके दिसली आणि मी थांबलो, कारण षटकात सहाच चेंडू असल्याने दशांशानंतर पाचपेक्षा मोठा अंक येऊच शकत नाही.

त्याचे पाच सामने ४, ३.५, ४, ४ आणि ३.४ षटकांचे होते आणि शीटने ते साध्या दशांशांसारखे मिळवले होते. प्रत्यक्षात ते ११७ चेंडू, म्हणजे १९.३ षटके. त्याने दिलेल्या ८७ धावांची इकॉनॉमी ४.६० नव्हे, ४.४६ होती. एवढ्या फरकाने तो ४.५५ वाल्याच्या वर गेला.

मात्र केवळ अशा अंकांवर विसंबू नये, कारण ३.५ आणि ३.५ यांची बेरीज ७.० अशी निर्दोष दिसते, खरी मात्र ७.४ असते. म्हणून प्रत्येक सामन्याचे चेंडू आधी काढले:

```
=INT(B2)*6+ROUND((B2-INT(B2))*10,0)
```

मग २४ पेक्षा जास्त चेंडूंच्या नोंदी शोधल्या, एकीत ४.० चे ४० झाले होते. दुसऱ्याची १.५० ची इकॉनॉमीही संशयास्पद वाटली, पण स्कोअरबुकात १२ चेंडूंत ३ धावा स्पष्ट लिहिल्या होत्या. ती नोंद मी तशीच ठेवली. क्रमवारीसाठी मात्र किमान ६० चेंडूंची अट घातली.