स्टारक्राफ्ट २: कंट्रोल ग्रुप लावताना या चुका टाळा

कोथरूडला आमच्याकडे दर रविवारी चार पोरं लॅपटॉप घेऊन जमतात. सगळ्यांना झटपट ड्रॉप मारायचे असतात, पण ग्रुप लावायला दोन सेकंद द्यायचे म्हटलं की जिवावर येतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: नवे मरीन आले की Ctrl+1. Ctrl जुना ग्रुप पुसून नवा बनवतो. तीस मरीन गेले, हातात उरले दोन. भर घालायची तर Shift+1. नवे सैनिक आपोआप ग्रुपमध्ये येत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

दुसरी चूक मला जास्त छळते. मागच्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने आठ मरीन मेडिव्हॅकमध्ये भरले, Ctrl+3 दाबलं आणि मॅपच्या कडेकडेने शत्रूच्या मिनरलमागे निघाला. रस्ता झकास निवडला होता. तेवढ्यात त्याच्या दुसऱ्या बेसवर रोच आले. त्याने 1 दाबलं, A दाबलं, बेसवर क्लिक केलं. फौज धावली, आणि तिच्याबरोबर मेडिव्हॅकही वळलं! तेही सरळ रेषेत, शत्रूच्या दोन क्वीनच्या डोक्यावरून. आठही मरीन आतच गेले.

"मामा, मी Ctrl+3 केलं होतं!"

"केलंस रे, पण 1 मधून काढलं कुणी?"

Ctrl+3 फक्त 3 मध्ये घालतो, 1 मधून काढत नाही. त्यासाठी Alt+3 आहे. निवडलेली युनिट्स 3 मध्ये जातात आणि बाकी सगळ्या ग्रुपमधून निघतात. ड्रॉपसाठी मी Alt सोडून दुसरं काही वापरत नाही. शंका आली तर 1 दाबून खालच्या पॅनेलमध्ये बघा. तिथे ड्रॉपचं मेडिव्हॅक दिसलं, तर त्याच्या चित्रावर Shift धरून क्लिक करा, म्हणजे ते निवडीतून सुटेल. मग Ctrl+1. चुकून एखादी एससीव्ही फौजेत घुसली असेल, तर तिलाही असंच हाकला.

बेसचं म्हणाल तर माझ्याकडे 4 वर कमांड सेंटर आणि 5 वर बॅरेक्स, फॅक्टरी, स्टारपोर्ट. इमारत पूर्ण व्हायची वाट बघू नका. पाया पडला की लगेच तिच्यावर क्लिक आणि Shift+5. "नंतर करतो" म्हणणाऱ्याची तिसरी बॅरेक्स अर्धा गेम रिकामी बसते. तीन बॅरेक्स असतील तर 5 दाबून A तीनदा, प्रत्येकीत एकेक मरीन लागतो. फॅक्टरीकडे जायला Tab.

फौज 8 किंवा 9 वर ठेवू नका, डावा हात तिथवर पोचत नाही.

भाचा आता Alt दाबतो. पण परवा घाईत त्याने अख्खी फौज निवडलेली असतानाच Alt+3 दाबलं, आणि 1 रिकामा.