चार उपमांतली एक कशी ठेवावी

वर्णन लिहिताना एक उपमा सुचली की तिच्यामागून दुसरी येते, आणि दोन्ही आवडल्या म्हणून दोन्ही राहतात. छाटणी करायची ती अशा जागी. एक उतारा घेऊन ती करून पाहू.

«म्हातारीने अत्यंत सावकाशपणे सुई उचलली. तिची बोटं वाळलेल्या काटक्यांसारखी, जुन्या झाडाच्या मुळांसारखी वाकडी झाली होती. दोरा घाबरलेल्या पाखरासारखा अस्वस्थपणे फडफडत होता. त्याचं टोक अंधारात कुलपाचं भोक चाचपणाऱ्या किल्लीसारखं नेढ्याभोवती सतत टेकत होतं. ती अगदी एकाग्रतेने, श्वास रोखून ओवत राहिली.»

आधी खुणा करा. «सारखा», «जसा», «जणू», «प्रमाणे» दिसेल तिथे एका रंगाने, आणि क्रियेला चिकटलेल्या «-पणे», «-ने», «अगदी», «अत्यंत», «सतत» यांखाली दुसऱ्या रंगाने. इथे चार उपमा सापडतात. क्रियाविशेषणं जवळपास प्रत्येक वाक्यात आहेत.

आता प्रत्येक उपमेसमोर तिचं साधर्म्य एका शब्दात लिहा, म्हणजे ती नेमकं काय दाखवते ते. काटक्या: वाकडेपणा. मुळं: वाकडेपणाच. दोघी एकच काम करतात, म्हणजे एक तर नक्की जाणार. पाखरू: भीती. पण म्हातारी घाबरलेली नाही, तिला दिसत नाहीये. वाचताना गोड वाटलेली ही उपमा प्रसंगाशी खोटं बोलते. किल्लीसमोर मात्र एक शब्द पुरत नाही. भोक बारीक आहे, डोळ्यांचा उपयोग नाही, हात अंदाजाने पुन्हा पुन्हा टेकतोय, हे सगळं त्या एका चित्रात येतं. एका शब्दात न मावणारी उपमा बहुतेक वेळा ठेवण्याजोगी असते.

तरीही निवड करण्याआधी हा उतारा कशाबद्दल आहे ते स्वतःला विचारा. म्हातारपणाबद्दल असता तर बोटं राहिली असती. इथे विषय मंदावलेल्या नजरेचा आहे, म्हणून किल्ली राहते. काटक्या आणि मुळं दोन्ही जातात. शिवाय त्या उपमा स्थिर आहेत, आणि प्रसंगात हालचाल चालू आहे.

उपमा काढली तरी तिचा अंश क्रियापदात उरतो, आणि बहुतेक जण नेमके इथेच चुकतात. पाखरू गेलं, पण «फडफडत» राहिलं तर पंख अजून वाक्यातच आहेत. म्हणून ते क्रियापदही काढायचं.

क्रियाविशेषणांची परीक्षा सोपी आहे. शब्द झाकून वाक्य वाचा. चित्र तेच राहिलं तर तो शब्द नको. «श्वास रोखून» असताना «एकाग्रतेने» काहीच वाढवत नाही. आधीचं शरीराने दाखवलं, नंतरचं नुसतं सांगितलं. «टेकत राहिलं» म्हटलं की «सतत» त्यातच आलं, कारण मराठीत «राहणे» हे सहायक क्रियापद चालू राहण्याचा अर्थ स्वतःच देतं. पण «हळूच हाक मारली» यातलं «हळूच» झाकून बघा. हाक एरवी मोठ्याने मारतात, त्यामुळे तो शब्द गेला की प्रसंगच बदलतो. क्रियापदाच्या नेहमीच्या अर्थाला वळण देणारं क्रियाविशेषण ठेवायचं.

शेवटी जागा ठरवा. उपमा वाक्याच्या पोटात दडपली की क्रियापदापर्यंत पोचताना विरून जाते. तिला क्रियापदानंतर आणलं की वाचक तिच्यावर थांबतो. ही रचना एका उताऱ्यात एकदाच वापरावी, दुसऱ्यांदा ती लकब वाटते.

«म्हातारीने सुई उजेडाकडे धरली. दोऱ्याचं टोक नेढ्याभोवती टेकत राहिलं, अंधारात कुलपाचं भोक चाचपणाऱ्या किल्लीसारखं. तिने श्वास रोखला.»

«उजेडाकडे» हा शब्द नंतर घातला. सुई उजेडात आहे आणि तरी तिच्यासाठी अंधारच आहे, हे त्यामुळे न सांगता कळतं. बाकीच्या उपमा उभ्या असताना हा विरोध मलाही दिसला नव्हता.

छाटणी जास्त झाली तर तेही कळतं. मोठ्याने वाचताना वाक्यं टकटक तुटायला लागतात आणि प्रसंगाची यादी होते. तसं झालं तर उपमा परत आणू नका, एखादी साधी कृती घाला: तिने दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं. आणि बडबड्या निवेदकाच्या तोंडी उपमांची रास हाच त्याचा आवाज असेल, तर त्या उताऱ्याला ही कात्री लावू नये. काढलेली मुळं आणि काटक्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवा. बोटांवरचा उतारा लिहाल तेव्हा त्यांतली एक लागेल.