चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे चांदी? घरी दागिने ओळखताना या चुका टाळा

कोल्हापुरात गुजरीतल्या आमच्या दुकानात एक काकू रुमालात बांधलेली चेन घेऊन आल्या. लग्नातली, तीस वर्षं गळ्यात घातलेली. म्हणाल्या, "मोडूनच टाका आता. खोटी निघाली. नातवानं चुंबक लावला तर टचकन चिकटली."

मी चुंबक मागवला आणि चेनच्या मधल्या कड्यांवरून फिरवला. काही नाही. फाशाजवळ नेला तर फासा खेचला गेला. फाशाच्या आत एक बारीक स्प्रिंग असते आणि ती बहुतेक वेळा पोलादाचीच असते, कारण सोन्याच्या स्प्रिंगला ताण राहत नाही. चेन अस्सल होती. घाईनं मोडली असती तर घडणावळीवर पाणी पडलं असतं, ते वेगळंच.

चुंबकाबद्दलचा हा गैरसमज रोज एकदा तरी काउंटरवर येतो, म्हणून आधी त्याचंच बोलू.

चुंबकाला एकच प्रश्न कळतो

तो प्रश्न म्हणजे "आत लोखंड आहे का?" सोनं, चांदी, तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर, यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे दागिना चिकटला नाही एवढ्यावरून तो चांदीचा ठरत नाही, पितळेचाही असू शकतो. इतकंच काय, काही जातींचं स्टेनलेस स्टीलही चुंबकाला दाद देत नाही.

चिकटला तरी लगेच निकाल लावू नका, कुठे चिकटला ते बघा. फासा, कानातल्याची दाबाची कडी किंवा पैंजणाचं घुंगरू एवढंच ओढलं जात असेल तर बाकीच्या दागिन्याबद्दल त्यातून काही कळत नाही. घुंगरांत आवाजासाठी लोखंडी दाणा घातलेला असतो, अस्सल चांदीच्या पैंजणातही. दागिन्याचं मुख्य अंग, म्हणजे बांगडीचा गोल किंवा कड्याची पट्टी, ओढली गेली तरच समजा की आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा आहे. आणखी एक, फ्रिजवरचा चुंबक फार मवाळ असतो. जुन्या स्पीकरमधला किंवा छोटा निओडिमियमचा घ्या.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, हेही इथेच सांगून टाकतो. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. नाव ऐकून दर नवरात्रात कुणी ना कुणी फसतंच.

अंगावर उठलं म्हणजे खोटं, हा दुसरा घोळ

"बोट हिरवं झालं, म्हणजे अंगठी पितळेची." हे अर्धं खरं आहे. हिरवा डाग तांब्याचा असतो. घाम, साबण, क्रीम यांच्याशी तांब्याचा संयोग होऊन हिरवे क्षार तयार होतात आणि ते कातडीवर उतरतात. पितळेत तांबं भरपूर असतं, त्यामुळे पावसाळ्यात दमट हवेत डाग पटकन दिसतो. पण ९२५ च्या चांदीतही साडेसात टक्के दुसरा धातू असतो आणि तो सहसा तांबंच असतो. ज्याला घाम जास्त येतो त्याच्या बोटावर अशा अंगठीचाही फिकट डाग पडू शकतो.

खाज सुटणं हे आणखी वेगळं प्रकरण. लाल पुरळ, कानाच्या पाळीला ओल येणं, हे बहुधा निकेलचं काम असतं आणि ते अ‍ॅलर्जी असलेल्यालाच होतं. एकच कानातलं थोरल्या बहिणीला त्रास देतं आणि धाकटीला काहीच होत नाही. शिवाय ही प्रतिक्रिया लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी उठते. सोमवारी घातलेल्या कानातल्याचा दोष बुधवारी बदललेल्या कानातल्यावर ढकललेला मी कितीदा पाहिलाय. काही पांढऱ्या सोन्यातही निकेल असतं, म्हणजे अस्सल सोन्यानंही पुरळ उठू शकतं. उलट, जाड मुलाम्याचा पितळी हार वर्षभर काहीच त्रास देणार नाही. मुलामा झिजून आतला धातू कातडीला लागला की मग सुरू होतं.

म्हणून कातडीच्या पुराव्याचा अर्थ एवढाच घ्या की या दागिन्यातलं काहीतरी तुम्हाला सोसत नाही, तो घालू नका. धातू कोणता, हे त्यावरून ठरवू नका. आणि कान नुकते टोचलेल्या लेकराच्या कानात "बघू या, चिघळतं का" म्हणून तर काही घालूच नका.

काळं पडणं मात्र थोडं कामाचं आहे. हवेतल्या गंधकाच्या वायूनं चांदी काळवंडते. काळेपणा आधी खाचांत धरतो आणि मऊ फडक्यानं पुसला की फडकं काळं होतं. पितळ तपकिरी, मळकट होतं आणि सांध्यांत हिरवट धरतं. पण ऑक्सिडाइज्ड म्हणून विकले जाणारे दागिने मुद्दाम काळे केलेले असतात आणि आतला धातू बऱ्याचदा जर्मन सिल्व्हर किंवा पितळ असतो. दुसरीकडे, ऱ्होडियम या चकचकीत धातूचा थर दिलेली खरी चांदी वर्षानुवर्षं काळी पडत नाही.

लिंबू, टूथपेस्ट आणि बर्फ

लिंबू-मिठानं पितळ लखलखतं हे खरं, पण मुलाम्याच्या दागिन्यावर तो प्रयोग केलात तर झिजलेल्या जागांतून आंबट रस आतल्या धातूला लागतो आणि मुलामा सालपटासारखा सुटतो. टूथपेस्टमध्ये बारीक घासणी असते, तिनं ओरखडे पडतात. मोत्याच्या नथीला तर दोन्हींपैकी काहीच लावू नका. बर्फाचा खडा चांदीवर भरभर वितळतो खरा, पण तांब्यावरही जवळपास तसाच वितळतो. नायट्रिक अ‍ॅसिड घरात आणणं म्हणजे हात आणि फुप्फुसं दोन्ही धोक्यात घालणं.

मुलामा बघायचा असेल तर भिंग घ्या आणि दागिना जिथे झिजतो तिथे बघा: बांगडीची आतली कड, अंगठीची तळहाताकडची बाजू, हूक. तिथे पिवळ्याखाली पांढरा किंवा तांबूस रंग डोकावला तर वरचं सोनं थरापुरतं आहे. आणि "एक ग्रॅम" या नावाचा अर्थ दागिन्यात एक ग्रॅम सोनं आहे असा घेऊ नका. तो मुलाम्याचा दागिना असतो.

घरच्या घरी खरंच काही सांगणारी एकच परीक्षा

ती पाण्यातल्या वजनाची. स्वयंपाकघरातल्या साध्या काट्यावर जमत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो, काही शे रुपयांना मिळतो.

आधी दागिना कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. दागिना शिवणाच्या बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका, दोरा हातातच धरा. आता काटा जे ग्रॅम दाखवेल, तेवढे घन सेंटिमीटर त्या दागिन्याचं आकारमान. कोरड्या वजनाला त्या आकड्यानं भागा. पितळ आणि जर्मन सिल्व्हर साडेआठच्या आसपास येतात, ९२५ ची चांदी १०.३ च्या आसपास, २२ कॅरेट सोनं साडेसतराच्या पुढेमागे.

गेल्या दिवाळीआधी एका ताईंनी आजेसासूबाईंच्या डब्यातले दोन दागिने आणले. एक पिवळी पाटली, जिच्या आतल्या कडेला पांढरं दिसत होतं. घरात सगळ्यांनी तिला "खोटी" ठरवून लहान मुलींना खेळायला दिली होती. दुसरं एक जड पांढरं कडं, "आजीची अस्सल चांदी" म्हणून बँकेच्या लॉकरमध्ये. दोन्ही चुंबकाला चिकटत नव्हते.

पाटली कोरडी २४.३० ग्रॅम भरली, पाण्यात काटा २.३६ वर गेला. भागाकार १०.३. पितळ असती तर काट्यानं २.८६ च्या जवळपास दाखवलं असतं आणि २२ कॅरेट सोनं असतं तर १.३८. म्हणजे चांदीवर सोन्याचा मुलामा. कडं ३८.४० ग्रॅम, पाण्यात ४.५२, भागाकार ८.५. लॉकरमध्ये वर्षानुवर्षं जपलेलं कडं चांदीचं नव्हतं. ताई दोन मिनिटं गप्पच बसल्या, मग म्हणाल्या, "आधी पाटली पोरींकडून काढून घेते."

ही परीक्षा कुठे फसते तेही ऐका. बोरमाळेचे मणी पोकळ किंवा लाखेनं भरलेले असतात, त्यांचा भागाकार निरर्थक येतो, आणि लाख, मोती, रेशमी दोरा पाण्यात घालणंही बरं नाही. खड्यांच्या दागिन्यालाही लागू नाही. जाळीकामात बुडबुडे अडकले तर आकारमान जास्त दिसतं आणि चांदी पितळेकडे झुकते. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, दागिना हलवा आणि पुन्हा बघा. एक-दोन ग्रॅमच्या चांदीत काट्याची एक-दोन शतांशांची चूकही निकाल फिरवते, म्हणून बारीक जोडवी किंवा चमकी यावर मोजू नका. सोनं की पितळ हा फरक मोठा असल्यानं चार ग्रॅमच्या अंगठीतही कळतो.

आणि शुद्धता यातून कळत नाही. ८० टक्के चांदी साधारण १०.१ देते, ९२५ ची १०.३ ते १०.४. इतका बारीक फरक घरच्या काट्यावर धरता येत नाही.

शिक्का वाचताना

चांदीवर नुसता "९२५" किंवा २२ कॅरेट सोन्यावर नुसता "९१६" ठसा म्हणजे हॉलमार्क नव्हे, तो ठसा कुणीही मारू शकतो. सोन्याच्या दागिन्यावर भारतीय मानक ब्युरोचं, म्हणजे बीआयएसचं, त्रिकोणी चिन्ह, शुद्धता आणि एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक हवा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क लागू असलेलं सोनं एचयूआयडीशिवाय विकता येत नाही. तो क्रमांक BIS Care अ‍ॅपमध्ये टाका आणि तिथे दिसणारा दागिन्याचा प्रकार हातातल्याशी जुळतो का ते बघा. अंगठीवरच्या क्रमांकाला अ‍ॅप "बांगडी" दाखवत असेल तर दुकानदाराला विचारा. जुन्या, वारशाच्या दागिन्यांवर असा क्रमांक नसणारच, त्यावरून ते खोटे ठरत नाहीत.

वारशाचा दागिना मोडायचा किंवा विकायचा असेल तर मात्र सराफाकडे किंवा हॉलमार्किंग केंद्रात न्या. तिथलं एक्स-रे यंत्र वरचा पातळ थरच वाचतं, त्यामुळे मुलाम्याचा संशय असेल तर झिजलेल्या जागी किंवा आतल्या कडेला, दोन ठिकाणी तरी तपासायला सांगा. ताईंच्या पाटलीचंही आम्ही तसंच केलं. वरून सोनं, आतल्या कडेला चांदी.