एमएसईची शॉर्ट नोट: आधी इनसाइट, मग बाकीचं

‘मेंटल स्टेटस एक्झामिनेशन’ आलं की पानाच्या तळाशी आधी पेन्सिलीने ‘इनसाइट’ लिहून ठेवा, मग वरून सुरुवात करा. मागच्या खेपेस माझ्या उत्तरात बाकी सगळं होतं, हेच राहिलं.

दिसणं, वागणं, बोलणं यांना एकेक ओळ पुरे. मूडमध्ये पेशंटचे शब्द जसेच्या तसे घाला. आपल्या इंदूरच्या ओपीडीत तो ‘मन नी लग रिया’ म्हणाला, तर तेच लिहा, त्याचं शुद्ध मराठी करत बसू नका. अफेक्ट म्हणजे तुम्हाला समोर जे दिसतं ते. दोन्ही एकाच ओळीत कोंबू नका.

पुढे उदाहरण एकच घ्या आणि शेवटपर्यंत तेच वापरा. समजा, एक दुकानदार सांगतो, ‘शेजाऱ्याने करणी केली, म्हणून झोप उडाली, कोणी नसताना त्याचा आवाज कानावर येतो.’ आवाज परसेप्शनमध्ये जातो, करणी थॉट कंटेंटमध्ये. पण थांबा, करणीला लगेच डिल्यूजन म्हणू नका. घरच्यांचा आणि समाजाचाही तोच समज असेल, तर नुसत्या त्या वाक्यावर डिल्यूजन ठरत नाही. घरचेच ‘असं काही नाही हो’ म्हणत असतील आणि तो तरीही हटत नसेल, तर गोष्ट वेगळी.

कॉग्निशनमध्ये वेळ-जागा-व्यक्ती, स्मृती आणि १०० मधून ७ वजा करत जाणं. जजमेंटला तिकीट लावलेलं पाकीट रस्त्यात सापडलं तर काय कराल, हा नेहमीचा प्रश्न.

आणि इनसाइट! ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहिणं म्हणजे न लिहिणंच. सहा ग्रेड आहेत. १ म्हणजे साफ नकार. २ मध्ये आजार थोडा जाणवतो, पण त्याच वेळी नाकारलाही जातो. ३ मध्ये त्रास मान्य, दोष मात्र बाहेर. ४ मध्ये कारण आपल्याच आत, पण काय ते कळत नाही. ५ मध्ये बुद्धीला पटतं, वागणं बदलत नाही. ६ मध्ये मनापासून पटतं आणि वागणंही बदलतं. आपला दुकानदार झोप उडाल्याचं कबूल करतो, खापर शेजाऱ्यावर फोडतो: ग्रेड ३. ग्रेडसोबत त्याचं वाक्यही लिहा.

वर्गीकरणाला वेळ कमीच उरतो, तेव्हा थोडक्यात. आयसीडी-१० मध्ये एफ ०० ते एफ ९९, त्यात एफ २० स्किझोफ्रेनिया, एफ ३० पासून मूड, एफ ४० पासून न्यूरोटिक. डीएसएम-५ (२०१३) मध्ये पाच अॅक्सिस गेले, स्किझोफ्रेनियाचे पॅरानॉइड वगैरे उपप्रकारही गेले. आयसीडी-११ (२०२२ पासून लागू) मध्येही ते नाहीत. तिथे ओसीडीला मात्र इनसाइट बरी की कमी, हे जोडावं लागतं. हो, इथेही इनसाइट.

दुकानदाराचं निदान लिहू नका, एमएसईत ते विचारलेलं नसतं.