जवळची गाडी आधी? ड्युटी लावताना या चुका टाळा

एका लहान ट्रान्सपोर्ट फर्ममधली डिस्पॅचर रोज यादीतल्या पहिल्या गाडीला सर्वात जवळचं लोडिंग द्यायची, मग उरलेल्यांतून दुसरीला, मग तिसरीला. एका सकाळी ‘ख’ गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, 1 नंबरचं लोडिंग माझ्यापासून 5 किलोमीटरवर होतं. मला 18 किलोमीटर रिकामं का पळवलंत?” तिने तिन्ही गाड्यांची रिकामी धाव कागदावर मांडली.

```
गाडी   लोडिंग 1   लोडिंग 2   लोडिंग 3
क         4          6         20
ख         5         18         22
ग         9         10         14
```

तिच्या पद्धतीने क‑1, ख‑2, ग‑3, म्हणजे 36 किलोमीटर. क आणि ख यांची फक्त अदलाबदल केली तर 6 + 5 + 14, म्हणजे 25.

चूक इथेच होती: गाडीला काय मिळतं एवढंच ती पाहत होती, ते न मिळाल्यास काय होतं हे नाही. लोडिंग 1 तिघांनाही सर्वात जवळचं आहे. ते हुकलं तर क ला 2 किलोमीटर जास्त पडतात, ख ला मात्र 13. ज्याला हुकण्याची झळ जास्त, त्याचा विचार आधी व्हायला हवा. गणितात याला असाइनमेंट प्रॉब्लेम म्हणतात आणि त्यासाठी हॅरॉल्ड कून यांनी 1955 मध्ये मांडलेली हंगेरियन पद्धत आहे. तिची सुरुवातही याच फरकांपासून होते: प्रत्येक ओळीतून त्या ओळीतला सर्वात लहान आकडा वजा करायचा, मग प्रत्येक स्तंभातून तसंच.

लावलेली ड्युटी तपासायला कोणत्याही दोन गाड्यांची अदलाबदल करून पाहा. बेरीज उतरली तर वाटप चुकलं आहे. उतरली नाही म्हणून ते उत्तमच आहे असं मात्र धरू नका. कधी कधी तीन गाड्या गोल फिरवल्यावरच फायदा दिसतो. तीन गाड्यांचे 6 पर्याय हाताने तपासता येतात, 10 गाड्यांचे 36 लाखांहून जास्त होतात. तिथे पद्धतच लागते.

दुसरी चूक तिने तक्ता संगणकावर नेल्यावर झाली. एका ड्रायव्हरकडे जड वाहनाचा परवाना नव्हता, म्हणून तिने तो रकाना कोरा सोडला. संगणकाने कोऱ्याला शून्य धरलं आणि नेमकी तीच जोडी निवडली. न चालणाऱ्या जोडीत 10,000 सारखा प्रचंड आकडा भरावा. तो उत्तरातही आला, तर सगळ्या अटी पाळणारं वाटप त्या दिवशी शक्यच नाही, आणि बाहेरून गाडी मागवावी लागेल.

गाडी दिवसात दोन फेऱ्या करणार असेल तर हा तक्ता फक्त पहिल्या फेरीपुरता वापरावा. दुसऱ्या फेरीची रिकामी धाव पहिली कुठे संपली यावर ठरते.