रात्रीची कॅब: दार उघडण्याआधी नंबर पाहा

रात्री उशिरा कॅब बुक करायची असेल, तर ऑफिसच्या किंवा स्टेशनच्या आतच थांबून करा. गाडी दाराशी आलेली नकाशावर दिसेपर्यंत बाहेर पडू नका. गाडी आली की आधी नंबर प्लेट ॲपमधल्या नंबरशी ताडून पाहा, कारण त्याच रंगाच्या, त्याच मॉडेलच्या गाड्या ढिगानं असतात. मग ड्रायव्हरला विचारा, "कोणासाठी आलात?" आपणच नाव सांगितलं, तर कुणीही "हो" म्हणू शकतो. ओटीपी हे सगळं जुळल्यावरच.

नंबर वेगळा निघाला आणि "ती गाडी बिघडली, म्हणून ही आणली" असं उत्तर आलं, तर बसू नका. रद्द केल्याचे थोडे पैसे गेले तर जाऊ द्या.

मागच्या सीटवर बसा आणि लाइव्ह लोकेशन अशा व्यक्तीला पाठवा, जी तुम्ही पोहोचेपर्यंत खरंच जागी असेल. पाच-दहा मिनिटं जास्त लागली तरी हमरस्त्यानंच घ्यायला सांगा. गाडी अचानक गल्लीत वळली, तर लगेच कारण विचारा. कधी पुढचा रस्ता खरंच बंद असतो. उत्तर पटलं नाही, तर पेट्रोल पंपासारख्या उजेडाच्या, वर्दळीच्या ठिकाणी उतरा.